कलमं मोजून बागेचं क्षेत्रफळ, आणि तो ‘वजा एक’

प्रश्न: आमची राजापूरजवळ हापूसची बाग आहे. कलमं १० मीटर बाय १० मीटरवर चौकोनात लावलेली. मुलगी गणिताच्या शिबिराला गेली होती, तिथून सूत्र शिकून आली की आतले ठिपके अधिक कडेच्या ठिपक्यांचे निम्मे, वजा एक, झालं क्षेत्रफळ. मी म्हटलं, मग आपली बागच मोजू. पण कडेची निम्मी का ते थोडंफार कळतं, तो वजा एक कुठून आला ते तिलाही सांगता येईना. आणि आमच्या बागेला हे खरंच चालेल का?

उत्तर:

चालेल, पण एका अटीवर: ज्या आकाराचं क्षेत्रफळ काढायचं त्याचा प्रत्येक कोपरा झाडावरच यायला हवा. ही अट वरवरची नाही, ती का लागते ते पुढे कळेल. आणि तुमची खरी अडचण वजा एकाचीच आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. मुलं हे सूत्र पाच मिनिटांत पाठ करतात आणि चौकोन, त्रिकोण काढून पडताळूनही बघतात. तो एक मात्र त्यांच्यासाठी आकाशातून पडलेला राहतो. बहुतेक पुस्तकांत सिद्धता आकाराचे त्रिकोण पाडून देतात. ती बरोबर असते, पण वाचून झाल्यावरही हा एक नेमका कोणाचा हे कळत नाही. मी बागेतूनच सांगतो, कारण बागेत ते जास्त स्वच्छ दिसतं.

आधी एक सोय सांगून टाकतो. चार शेजारच्या कलमांमधला चौकोन १० बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे बरोब्बर १ आर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्येच असतं, त्यामुळे सूत्रातून येणारा आकडा थेट आर म्हणून वाचायचा. जुन्या माणसांना गुंठे लागतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. साधारण अंदाजाला एक चौकोन म्हणजे एक गुंठा म्हटलं तरी फारसं बिघडत नाही.

आता आमच्या सड्यावरच्या बागेचा एक तुकडा घेऊ. नैऋत्येच्या कोपऱ्यातलं कलम शून्य धरा. तिथून पूर्वेला किती झाडं आणि उत्तरेला किती झाडं सरकलो, हे दोन आकडे म्हणजे त्या झाडाचा पत्ता. आमच्या तुकड्याला पाच कोपरे आहेत: (०, ०), (६, ०), (८, ३), (४, ७) आणि (०, ४). दक्षिणेची आणि पश्चिमेची कड सरळ आहे, बाकी तीन तिरप्या. वहीच्या चौकटींवर काढून समोर ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

कडेची झाडं मोजताना माणसं सगळ्यात जास्त चुकतात. सरळ कडेवर काही प्रश्न नाही. तिरप्या कडेवर मात्र डोळा फसवतो. आमच्या (६, ०) ते (८, ३) या कडेच्या टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं की (७, २) चं कलम हमखास ओळीत आहेसं वाटतं. दोरी ताणली तर ते दोरीपासून पावणेतीन मीटर आत निघतं. म्हणून मी झाडं डोळ्याने ठरवत नाही, मसावि काढतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आडवं किती सरकलो आणि उभं किती, या दोघांचा मसावि म्हणजे त्या कडेवरची झाडं, सुरुवातीचं धरायचं आणि शेवटचं पुढच्या कडेसाठी सोडायचं. इथे आडवं २, उभं ३, मसावि १. म्हणजे टोकांमध्ये कडेवर एकही झाड नाही. पुढच्या कडेला आडवं ४, उभं ४, मसावि ४, तिथे टोकांच्या मध्ये तीन झाडं नेमकी दोरीवर. त्यापुढे ४ आणि ३, मसावि १. पश्चिमेच्या सरळ कडेवर ४, दक्षिणेच्या कडेवर ६. बेरीज ६ + १ + ४ + १ + ४ = १६. कडेची झाडं सोळा.

आतली झाडं ओळीओळीने. दक्षिणेची पहिली ओळ सगळी कडेचीच. दुसऱ्या ओळीत आत ६, तिसरीत ७, चौथीत ७, पाचवीत ६, सहावीत ४, सातवीत २, आणि शेवटी टोकाचं एकटं झाड, ते कडेचं. एकूण आतली ३२.

३२ + १६ ÷ २ − १ = ३९

३९ आर. खात्री करायची तर तुकडा एका मोठ्या आयतात बसवा. पूर्वेकडे ८, उत्तरेकडे ७, म्हणून आयत ५६ आरचा. त्यातून तीन कोपऱ्यांचे काटकोन त्रिकोण वजा करा: आग्नेयेचा ३, ईशान्येचा ८, वायव्येचा ६. छप्पन्नातून सतरा गेले, एकोणचाळीस. जुळलं.

झाडं मात्र ४८ आहेत. एका झाडाला एक आर असा सरळ हिशोब लावला तर नऊ आर जास्त येतात. त्या नवांपैकी आठ कडेच्या निम्म्यांचे, आणि एक तुम्ही विचारताय तो.

साध्या आयतापासून सुरुवात करू. पूर्वेला ४ चौकोन, उत्तरेला ३, म्हणजे क्षेत्रफळ १२ आर. झाडं पाच चोक वीस: आत ६, कडेला १४. प्रत्येक झाडाभोवती त्याचा स्वतःचा १० बाय १० चा चौकोन कल्पा, झाड मधोमध. आतल्या झाडाचा अख्खा चौकोन बागेत. कडेवरच्या झाडाचा अर्धा बागेत, अर्धा शेजाऱ्याकडे. कोपऱ्यातल्या झाडाचा फक्त पाव बागेत. पण सूत्र कोपऱ्यालाही अर्धा देतं. म्हणजे दर कोपऱ्यामागे पाव जास्त दिला, आणि चार कोपऱ्यांचे मिळून एक. तो परत घ्यायचा, म्हणून वजा एक. ६ + ७ − १ = १२.

इथवर बहुतेकांना पटतं. मग वर्गातला कोणीतरी हात वर करतो आणि विचारतो, पाच कोपरे असले तर? तिरप्या कडा असल्या तर? आणि त्याचा प्रश्न रास्त असतो, कारण तिरप्या कडेला चौकोनांचं हे वाटप उघड उघड मोडतं. आतल्या झाडाचा चौकोन कडेबाहेर डोकावतो, बाहेरच्याचा आत येतो. किती बाहेर गेला आणि किती आत आला हे कोण मोजणार?

हे किती टोकाला जातं ते बघा. तीन झाडं घ्या: (०, ०), (३, २) आणि (५, ३). या तिघांचा त्रिकोण काढा. तो त्रिकोण कसला, सुई आहे. लांबी ५८ मीटर, आणि सगळ्यात रुंद जागी पावणेदोन मीटरही नाही. आत एकही झाड नाही, कडेवर कोपऱ्यांची तीनच. सूत्र म्हणतं शून्य अधिक दीड वजा एक, म्हणजे अर्धा आर, ५० चौरस मीटर. दुसऱ्या कुठल्याही रीतीने काढा, उत्तर तेच येतं. पण झाडांचे चौकोन इथे जवळजवळ पूर्णपणे त्रिकोणाबाहेर आहेत. चौकोनांनी हे समजावता येत नाही.

मी मग पाण्याने समजावतो. कल्पना करा की बाग गडग्यापाशी संपतच नाही. त्याच अंतराने कलमं चारी दिशांना पार क्षितिजापर्यंत लावलेली आहेत. जमीन सपाट, माती सगळीकडे सारखी, पाणी सगळ्या दिशांना सारखंच पसरतं. (आमच्या कातळावर असं काही होत नाही हे मला माहीत आहे, पाणी मनाला येईल त्या भेगेत जातं. तूर्त ते विसरा.) प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एकाच वेळी एकेक कळशी ओता. सुरुवातीला प्रत्येक कळशीचं बुंध्याभोवती छोटं गोल आळं दिसेल. मग ती आळी रुंदावत जातील, एकमेकांत मिसळतील, आणि बऱ्याच वेळाने सगळी जमीन एकसारखी ओली होईल. दर आरमागे एक झाड आहे, म्हणून तेव्हा दर आरमागे एक कळशी पाणी असणार.

म्हणजे शेवटी आमच्या तुकड्यात जितक्या कळश्या पाणी असेल तितके आर त्याचं क्षेत्रफळ. हे झालं शेवटचं चित्र. आता मधल्या काळात तुकड्याच्या कडांवरून किती पाणी गेलं आणि किती आलं ते बघायचं.

कुठलीही एक कड घ्या, समजा (६, ०) ते (८, ३) ही तिरपी. तिच्या बरोबर मध्यावर एक खुंटी ठोका. आता अख्खी अनंत बाग त्या खुंटीभोवती अर्धा फेरा फिरवा. काय होईल? एका टोकाचं झाड दुसऱ्या टोकाच्या झाडाच्या जागी जाईल, दुसरं पहिल्याच्या. आणि ही दोन झाडं अदलाबदल झाली की बाकीची सगळी झाडंही कुठल्या ना कुठल्या झाडाच्याच जागी येऊन बसतात, कारण मांडणी सगळीकडे एकसारखी आहे. फिरवल्यानंतरची बाग आणि आधीची बाग यांत काही फरक करता येत नाही. कडसुद्धा स्वतःवरच येते. बदलतं एकच, कडेच्या डाव्या बाजूचं उजवीकडे जातं आणि उजवीचं डावीकडे.

तर मग पाण्याचं बघा. समजा कडेच्या एका अर्ध्यावरून एक तांब्या पाणी तुकड्यातून बाहेर गेलं. फिरवलेल्या चित्रात तोच तांब्या कडेच्या दुसऱ्या अर्ध्यावरून बाहेरून आत येतो. पण फिरवलेलं चित्र आणि मूळ चित्र एकच आहे! म्हणजे मूळ चित्रातही, एका अर्ध्यावरून जेवढं गेलं तेवढंच दुसऱ्या अर्ध्यावरून आलं. कड कितीही तिरपी असो, तिच्यावरून एकूण देवघेव शून्य. तुमच्या कोपऱ्यांच्या अटीची गरज इथे पडते. कडेचं एक टोक झाडावर नसेल तर मध्यावरच्या खुंटीभोवती फिरवल्यावर झाडं मोकळ्या जागेत पडतील आणि हा युक्तिवाद कोसळेल.

एकाही कडेवरून नक्त पाणी गेलं नाही की आलं नाही. म्हणजे शेवटी तुकड्यात जेवढं पाणी, तेवढंच सुरुवातीला होतं, जेव्हा कळश्या नुकत्याच ओतल्या होत्या आणि छोटी गोल आळी नुकती दिसू लागली होती. ते मोजणं सोपं. आतल्या झाडाचं आळं पूर्ण आत, एक कळशी. कडेवरच्या झाडाचं आळं दोरीने बरोबर दुभागलेलं, अर्धी कळशी. कोपऱ्यातल्या झाडाच्या गोल आळ्यातून कोपऱ्याच्या कोनाएवढी फोड आत. ९० अंशांचा कोपरा असेल तर पाव, १२० चा असेल तर तिसरा हिस्सा.

सुईसारखा तो त्रिकोण आठवा. दोन कोपरे अतिशय टोकदार, तिसरा जवळजवळ सरळ. पण तिन्ही कोन मिळून १८० अंशच, म्हणजे अर्धं वर्तुळ, म्हणजे अर्धी कळशी. म्हणून अर्धा आर. सुई कितीही लांब करा, आत आणि कडेवर दुसरं झाड येत नाही तोवर उत्तर हलत नाही. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून पहिल्यांदा ‘अरे!’ ऐकू येतं.

आता पाच कोपऱ्यांचा तुकडा. त्याच्या कडेने चालत जा, बाग सतत डाव्या हाताला ठेवून. सरळ कडेवरच्या झाडापाशी तुम्ही वळत नाही, तिथे आळ्याचा अर्धा भाग आत. कोपऱ्यात मात्र तुम्ही डावीकडे वळता, आणि जितके वळता तितकी आतली फोड अर्ध्यापेक्षा लहान होते. काटकोनात वळलात तर अर्ध्यातून पाव कमी. आमच्या तुकड्यात पाच वळणं आहेत, पूर्णांकात सांगायची तर ९०, ५६, ७९, ८२ आणि ५३ अंश. बेरीज करा: ३६०. ती तेवढी यायलाच हवी, कारण फेरी पूर्ण करून निघालात तिथे, त्याच दिशेला तोंड करून परत येता तेव्हा तुम्ही स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतलेली असते. कोपरे चार असोत, पाच असोत, पंचवीस असोत. मध्येच कुठे कड आत वळली असेल तर तिथे उजवीकडे वळाल, आतली फोड अर्ध्यापेक्षा मोठी होईल, पण ते जादा वळण पुढे कुठेतरी डावीकडे भरून काढावंच लागतं. एकूण एकच गिरकी.

म्हणजे कडेच्या प्रत्येक झाडाला अर्धी कळशी दिली तर एकूण एका पूर्ण गिरकीएवढं, ३६० अंशांएवढं, एका अख्ख्या कळशीएवढं जास्त दिलं जातं. तोच तो वजा एक. बागेला पडणारी एक फेरी.

हे सूत्र गेओर्ग पिक या गणितज्ञाने १८९९ साली प्रागमध्ये प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला पिकचं प्रमेय म्हणतात. पिक ज्यू होता, १९४२ साली नाझींच्या टेरेझिनच्या छावणीत वारला. पाण्याचा दाखला माझा शोध नाही, उष्णता किंवा वितळणारं बर्फ घेऊन गणितात हा विचार मांडला गेला आहे. कळशी तेवढी मी आणली.

तो एक खरोखरच फेरीचा आहे की मी तुम्हाला गोड बोलून पटवतोय, हे तपासायचा एक मार्ग आहे. बागेत भोक पाडायचं. आमच्या त्याच तुकड्याच्या मध्ये मांगर आणि खळं करायचं ठरवा, आणि त्यासाठी २० बाय २० मीटरची जागा सोडा: (३, २) पासून (५, ४) पर्यंत. मधलं (४, ३) चं कलम काढावं लागेल. त्या चौकोनाच्या कडेवर आठ झाडं येतात, ती आता आतली राहिली नाहीत, कडेची झाली. आतली उरली ३२ − ८ − १ = २३. कडेची १६ + ८ = २४. नेहमीचं सूत्र लावा: २३ + १२ − १ = ३४. पण खरं क्षेत्र ३९ मधून ४ गेल्यावर ३५ उरतं. सूत्र चुकलं, आणि बरोब्बर एकानेच चुकलं.

का ते आता उघड आहे. मांगराभोवती फेरी मारताना बाग डाव्या हाताला ठेवायची तर तुम्हाला उलट्या दिशेने जावं लागतं. ती गिरकी उजवीकडची. बाहेरच्या फेरीचा वजा एक, आतल्या फेरीचा अधिक एक, दोन्ही मिळून शून्य. भोक असलेल्या बागेला फक्त आतली अधिक कडेची निम्मी, २३ + १२ = ३५. दोन मांगर असतील तर शेवटी अधिक एक. मुलीला हे कागदावर करून बघू द्या. सूत्र मोडलं की ते का चाललं होतं हे जास्त चांगलं कळतं.

आता तुमच्या प्रत्यक्ष बागेचं. यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे.

पहिली गोष्ट, मोजायच्या त्या झाडांच्या जागा, जिवंत झाडं नव्हेत. २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या भागात कितीतरी कलमं उन्मळली. आमची तीन गेली, त्यांतलं एक कोपऱ्यातलं. तिथे आज नुसता खड्डा आहे, पण हिशोबात तो झाडच. उलट, कोणी हौसेने दोन ओळींच्या मध्ये एखादं काजूचं लावलं असेल तर ते धरायचं नाही.

दुसरी गोष्ट उताराची. सड्यावर सपाटी असते, पण खाली खाडीकडे उतरणाऱ्या बागांमध्ये आखणी करणारा दोरी जमिनीला टेकवून १० मीटर मोजतो. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र आडव्या पातळीत असतं. २० अंशांच्या उतारावर जमिनीवरचे १० मीटर नकाशात ९.४ मीटरच होतात. मग एक चौकोन १०० ऐवजी ९४ चौरस मीटरचा, आणि आमचे ३९ आर साडेछत्तीसच्या आसपास. सूत्र तेच राहतं, फक्त एका चौकोनाची किंमत बदलते. त्रिकोणी पद्धतीने लावलेल्या बागेचंही असंच. ओळीतलं अंतर १० मीटर पण ओळी ८.६६ मीटरवर, दर झाडामागे ८६.६ चौरस मीटर. मध्यावरची खुंटी आणि अर्धा फेरा तिथेही चालतो, म्हणून मोजणी तशीच करायची आणि शेवटी ८६.६ ने गुणायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्यात मी स्वतः फसलो. पावसाळ्यानंतर बेणणीला, म्हणजे गवत कापायला, एकाला बाग दिली होती, दर आरवर ठरलेला. त्याने झाडं मोजून ४८ आरचे पैसे मागितले. मी मास्तर, लगेच कागद काढला आणि त्याला ३९ चा हिशोब ऐकवला. कडेची निम्मी, वजा एक, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “गुरुजी, गवत काय झाडांच्या रांगेपर्यंतच वाढता काय?”

माझं ३९ हे झाडापासून झाडापर्यंत ताणलेल्या दोरीच्या आतलं क्षेत्र होतं. त्याने कापलं होतं गडग्यापर्यंत. आमचा गडगा कडेच्या झाडांपासून साधारण ३ मीटर बाहेर आहे. (तिरप्या कडांबाहेरच्या एक-दोन जागा गडग्याला अगदी लागून येत होत्या, म्हणून तिथे कलमं लावली नव्हती.) दोरीचा घेर काढला तर २४२ मीटर आणि थोडा. गुणिले ३, म्हणजे ७२८ चौरस मीटरची पट्टी, कोपऱ्यांतले तुकडे आणखी ३३. एकूण साडेसात आरच्या जरा वर. गडग्याच्या आतलं क्षेत्र साडेशेहेचाळीस आरला किंचित जास्त. माझ्या प्रमेयापेक्षा त्याची झाडांची गणती सत्याच्या कितीतरी जवळ होती, आणि ते योगायोगाने नव्हे. गडगा कडेच्या झाडांपासून अर्ध्या अंतराच्या जवळपास असला की दर झाडामागे एक आर हा ठोकताळा बरा चालतो, कारण कडेच्या झाडांचा बाहेरचा अर्धा चौकोनही मग बराचसा आपल्याच बागेत असतो. आमचं ४७ वर मिटलं.

म्हणून तुमच्या बागेत आधी हे ठरवा की तुम्हाला कुठल्या रेषेच्या आतलं क्षेत्र हवं आहे. झाडांच्या दोरीच्या आतलं हवं असेल तर मुलीचं सूत्र अचूक आहे, अर्ध्या आरचाही फरक पडणार नाही. गडग्यापर्यंतचं हवं असेल तर त्यात पट्टी मिळवावी लागेल. त्यासाठी प्रत्येक कडेवर दोन-तीन ठिकाणी झाडापासून गडग्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा, सरासरी काढा, कडेच्या लांबीने गुणा. गडगा वाकडातिकडा असेल, आणि आमच्याकडे तो असतोच, तर मोजणीच्या नकाशावर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवून आतले ठिपके मोजा, रेषेवर पडतील त्यांचे निम्मे. तिथे वजा एक करू नका, कारण कोपरे ठिपक्यांवर नाहीत आणि उत्तर तसंही अंदाजाचंच आहे. चौकटी जितक्या बारीक घ्याल तितका अंदाज सुधारेल.

शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर यातलं काहीही उपयोगाचं नाही, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. पण बेणणी, खत, फवारणी यांच्या हिशोबाला टेप, वही आणि मसावि पुरतात. टेप गडग्याकडे नेताना काठी आपटत जा, दगडांत काय बसलेलं असेल सांगता येत नाही.